केटामाइनची भूल उतरताना माणूस इतका का घाबरतो?

आईचा खांदा निखळला होता. केटामाइन देऊन बसवला. जागी होताना ती दहा-पंधरा मिनिटं किंचाळत होती, मला ओळखेना, सारखं 'मला खाली सोडा' म्हणत होती. आता ठीक आहे. पण मेंदूला काही झालं असेल का? आणि असं औषध देतातच कशाला?

आता त्या नेहमीसारख्या बोलत-वागत असतील, तर मेंदूला इजा झालेली नाही. मी भूलतज्ज्ञ आहे. 'मला खाली सोडा', 'मला धरा, मी पडतोय' ही वाक्यं केटामाइननंतर मी कितीदा तरी ऐकली आहेत. मोठ्या माणसांत साधारण दहातल्या एखाद-दोघांना जागं होताना असा त्रास होतो, लहान मुलांत त्याहून कमी.

इतर बहुतेक भुलीची औषधं मेंदूला झोपवतात. केटामाइन झोपवत नाही, त्याचा बाहेरच्या जगाशी असलेला धागा तोडतं. मेंदूच्या पेशी एकमेकींशी ज्या रसायनांतून बोलतात त्यांतलं एक ग्लुटामेट. ते जिथे जाऊन बसतं, त्या एनएमडीए नावाच्या जागा केटामाइन अडवून धरतं. मग डोळे, कान, कातडी यांच्याकडून निरोप येतात, पण त्यांची जुळणी होत नाही. म्हणून डोळे टक्क उघडे, बुबुळं आडवी थरथरत असतात, श्वास स्वतःचा चालू असतो, आणि तरीही हाड ओढलेलं कळत नाही. रक्तदाबही पडत नाही, उलट थोडा वाढतो. जिथे कृत्रिम श्वासाची मोठी सोय नाही अशा दवाखान्यात, पाच-दहा मिनिटांच्या पण जीवघेण्या वेदनेच्या कामाला याच्याइतकं भरवशाचं औषध मला दुसरं दिसत नाही. म्हणून देतात.

याच्या आधीचं औषध होतं फेन्सायक्लिडिन. त्यानंतरचा भ्रम तासन्‌तास टिकायचा, म्हणून त्याच कुळातलं पण लवकर उतरणारं औषध शोधताना १९६२ साली अमेरिकेत केटामाइन तयार झालं. १९६४ मध्ये मिशिगनच्या तुरुंगातल्या स्वयंसेवक कैद्यांना ते पहिल्यांदा दिलं, तेव्हा त्यांनीही तरंगल्यासारखं, हातपाय नसल्यासारखं वाटल्याचं सांगितलं होतं. म्हणजे तुमच्या आईंनी अनुभवलं ते या औषधाच्या पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

मग त्रास जागं होतानाच का? भूल चढते आणि उतरते, पण दोन्हींचा वेग सारखा नसतो. शिरेतून दिलं की मिनिटभरात औषध मेंदूत पूर्ण भरतं. अर्धवट तुटलेली, स्वप्नासारखी अवस्था तेव्हाही येते, पण काही सेकंदांत मागे पडते. उतरताना मात्र औषध मेंदूतून हळूहळू रक्तात आणि स्नायूंत पांगतं, आणि तीच अर्धवट अवस्था दहा, वीस, कधी तीस मिनिटं रेंगाळते. ऐकू येतं, दिसतं, बोलताही येतं, पण कोण बोलतंय, आपण कुठे आहोत, आपलं अंग कुठवर आहे, हे एकत्र बांधलेलं नसतं. मधल्या रिकाम्या जागा मेंदू स्वतःच्या चित्रांनी भरतो.

एक पेशंट डोळ्यांसमोर आहे. पस्तिशीतला माणूस, मनगट मोडलेलं, वजन साठ किलो. किलोमागे १ मिलीग्रॅम, म्हणजे ६० मिलीग्रॅम मी पूर्ण मिनिटभर घेऊन दिलं, कारण झटक्यात ढकललं तर श्वास थोडा वेळ थांबू शकतो. हाड बसलं, प्लास्टर झालं, तोवर तो शांत. पंधराव्या मिनिटाला त्याची बोटं खाटेची कड चाचपू लागली, मग ती घट्ट धरून तो म्हणाला, "पाणी वर चढतंय." तासाभराने चहा पिताना त्याने सगळं सांगितलं. वरची ट्यूबलाइट लांबत लांबत विहिरीचं तोंड झाली होती. तो तळाशी होता. वरून बायकोचा आवाज येत होता, पण दुसऱ्याच कुणाला तरी हाक मारल्यासारखा. यातली ट्यूबलाइट खरी होती, बायकोची हाक खरी होती. पाठीखाली खाट आहे एवढंच अजून त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं, म्हणून त्याचा मेंदू त्याला विहिरीत घेऊन गेला. तुमच्या आईंचं 'खाली सोडा' मला याच जातीचं वाटतं. अंग लागेना, म्हणजे आपण अधांतरी.

अशा वेळी आम्ही लगेच 'केटामाइनचा भ्रम' म्हणून मोकळे होत नाही. आधी बोटावरच्या मशीनवर ऑक्सिजन पाहायचा, श्वासाला घरघर किंवा अडकल्यासारखा आवाज नाही ना ते ऐकायचं, लघवी तुंबली आहे का, दुखतंय का, ते बघायचं. ऑक्सिजन कमी पडलेला माणूसही असाच धडपडतो, आणि ते चुकवून चालत नाही. हे सगळं ठीक असेल तर दिवा मंद करायचा, गर्दी बाहेर काढायची आणि एकाच माणसाने हळू आवाजात तेच तेच सांगत राहायचं. त्या मनगट मोडलेल्या माणसाच्या बायकोला मी म्हटलं, "तुम्हीच बोला, नाव घेऊन." तरी भीती ओसरली नाही, तेव्हा मिडॅझोलाम हे मन शांत करणारं औषध १ मिलीग्रॅम दिलं. पाच मिनिटांत त्याने कड सोडली. मिडॅझोलाममुळे जाग थोडी उशिरा येते आणि श्वासावर जास्त लक्ष ठेवावं लागतं, म्हणून मी ते सरसकट देत नाही.

भूल चढण्याआधी माणूस कोणत्या मनाने आहे यानेही फरक पडतो. उमेदवारीच्या काळात एका बाईंना मी आधी काहीच सांगितलं नाही, नुसती सुई लावली. जाग येताना त्या ओरडू लागल्या, तर चौघांनी हात दाबून धरले आणि 'डोळे उघडा, डोळे उघडा' असा कालवा केला. आपल्याला पुरताहेत असं त्यांना वाटत होतं, हे त्यांनी नंतर सांगितलं. पुढचे दोन दिवस त्या झोपायला घाबरत होत्या. ती चूक माझी होती आणि ती मला अजून लागते. आता मी प्रत्येकाला आधी सांगतो की थोडा वेळ तरंगल्यासारखं होईल, आवाज लांबून येतील, मी शेजारीच असेन, आणि सुई देताना आवडत्या जागेबद्दल बोलायला लावतो.

आईंना एक-दोन रात्री वाईट स्वप्नं पडली तर घाबरू नका. काय दिसलं ते त्यांना सांगू द्या, आणि ते औषधाने झालं हे स्पष्ट शब्दांत सांगा. 'मला वेड तर लागत नाहीये ना' ही भीती बरेच जण मनातच ठेवतात. दुसऱ्या दिवशीही माणसं ओळखत नसतील, बोलण्यात असंबद्धता असेल, सारख्या झोपाळल्या असतील किंवा उलट्या थांबत नसतील, तर मात्र केटामाइनवर ढकलू नका, डॉक्टरांकडे न्या. पडताना डोक्यालाही मार लागलेला असू शकतो.

डिस्चार्ज कार्डावर केटामाइन किती मिलीग्रॅम दिलं आणि जागं होताना काय झालं, हे लिहून घ्या. निखळलेला खांदा पुन्हा निखळू शकतो. ते कार्ड पुढच्या भूलतज्ज्ञाला सुईच्या आधी दाखवा. घरात कुणाला स्किझोफ्रेनिया असेल तर त्यांच्या वेळी तेही आधी सांगा, त्यांना आम्ही केटामाइन देत नाही.