जमिनीच्या स्कॅन केलेल्या कागदांचे फोल्डर कसे लावावेत?

प्रश्न: आमची जमीन थोडी खानापूर तालुक्यात, थोडी चंदगडला. बाबांनी जपलेले सगळे कागद स्कॅन केले, पण एकाच फोल्डरमध्ये पडलेत. उतारे, खरेदीपत्रं, फेरफार असे वेगळे फोल्डर करू की वर्षवार लावू?

उत्तर: दोन्ही नको. फोल्डर जमिनीच्या तुकड्याचा करा.

मी बेळगावात वकिलांच्या ऑफिसात कागद सांभाळतो. आमच्याकडे कुणी "सगळी खरेदीपत्रं द्या" असं म्हणत नाही. पीककर्ज असो, विक्री असो की वाटणीचा दावा, मागणी येते ती एका नंबराची. त्या नंबराचा उतारा, त्यावरचं म्युटेशन, मूळ खरेदीपत्र आणि बोजाचा दाखला, सगळं एकदम लागतं. कागदाच्या प्रकारावर फोल्डर केले तर एका कामाला चार फोल्डर उघडावे लागतात, आणि पाचवा राहून गेला हे काउंटरवर उभं राहिल्यावर कळतं.

तुमचं गाव ठाऊक नाही, म्हणून उदाहरणाला नंदगड आणि कोवाड धरतो:

```
Jamin/
  KA-Nandgad-RS-045-2/
  KA-Nandgad-RS-112-1/
  MH-Kowad-Gat-318/
Vyakti/
```

नावात गाव हवंच, कारण सर्व्हे नंबर गावापुरताच असतो; शेजारच्या गावातही ४५ नंबर असतो. ४५/२ मधली तिरकी रेघ फोल्डरच्या नावात चालत नाही, तिथे आडवी रेघ द्या. पुढचं शून्य एवढ्यासाठी की विंडोज ४५ ला ११२ च्या आधी दाखवतं, पण बऱ्याच प्रोग्रॅममध्ये ११२ वर जाऊन बसतो. नावं रोमनमध्ये ठेवायला मी मुद्दाम सांगतो. आपल्याकडे एकाच घरात एक भाऊ मराठी शाळेतला, त्याची पोरं कन्नड माध्यमातली. रोमन दोघांनाही वाचता येतं, आणि शोधताना मराठी आकडा की इंग्रजी आकडा हा घोळ होत नाही.

फोल्डरच्या आत आणखी उपफोल्डर करू नका. प्रकार फाईलच्या नावात घाला आणि तारीख सगळ्यात पुढे:

```
1968-00-00_kharedipatra.pdf
1994-06-14_vatnipatra.pdf
1994-11-03_MR.pdf
2024-07-09_RTC.pdf
```

वर्ष आधी लिहिल्यामुळे कागद आपोआप कालक्रमाने लागतात. जमीन कुणाकडून कुणाकडे गेली ते वरून खाली वाचता येतं, आणि मधली एखादी साखळी तुटली असेल तर तीही दिसते. वाटणीपत्र आहे पण त्यानंतर फेरफाराचा एम.आर. नाही, म्हणजे एकतर नोंद झाली नाही किंवा कागद स्कॅन करायचा राहिला. तारीख कागदावरची घ्या, स्कॅन केल्याची नव्हे. नुसतं वर्षच वाचता येत असेल तर वर दाखवलंय तसं शून्य भरा.

आता सीमाभागातली गंमत. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता आणि चंदगड बेळगाव जिल्ह्यात. त्यामुळे तुमच्या चंदगडच्या जुन्या कागदावर 'जिल्हा बेळगाव' दिसेल, आणि खानापूरच्या एकाच नंबराचे जुने कागद मराठीत, नवे कन्नडमध्ये असतील. म्हणून भाषेवर किंवा कागदावर छापलेल्या जिल्ह्यावर फोल्डर करू नका. जमीन आज जिथे आहे तिथेच तिचा जुना कागदही गेला पाहिजे.

एकाच खरेदीपत्रात दोन नंबर असतील तर? नोंदणी झालेला दस्त पुन्हा बदलत नाही, म्हणून त्याची प्रत त्याच नावाने दोन्ही फोल्डरमध्ये ठेवा. शॉर्टकट नको, पेनड्राईव्हवर फोल्डर दिला की शॉर्टकट कुठेच उघडत नाही. मात्र हिशेबाची एक्सेल किंवा अर्जाचा मसुदा असल्या बदलणाऱ्या फाईलीची प्रत कधीच करू नका, नाहीतर कुठली ताजी यावरून भावाभावांत बोलणी होतात. आधार, वंशावळ, मृत्यूचा दाखला हे माणसाचे कागद, ते `Vyakti` मध्ये माणसाच्या नावाने.

पुढे ४५/२ ची फोड होऊन ४५/२अ आणि ४५/२ब झाले, तर जुन्या फोल्डरचं नाव बदलायचं नाही. जुने सगळे कागद ४५/२ याच नावाचे आहेत आणि वकील तेच शोधणार. त्याच्या शेजारी `KA-Nandgad-RS-045-2A` आणि `KA-Nandgad-RS-045-2B` असे नवे फोल्डर करा. फोडीचा ११ई नकाशा मात्र तिन्ही ठिकाणी ठेवा, म्हणजे नव्या नंबराचा फोल्डर उघडणाऱ्याला मागचे कागद कुठल्या नंबरात बघायचे ते कळेल.