दोन टेस्लाचा परिणाम काही मिलिटेस्लात: जीएमआर आणि हार्ड डिस्कचं हेड

प्रश्न: जीएमआर, म्हणजे जायंट मॅग्नेटोरेझिस्टन्स, हा चुंबकीय क्षेत्राने पातळ थरांचा विद्युत रोध बदलण्याचा परिणाम. त्याच्या मूळ प्रयोगात लोह-क्रोमियमच्या थरांचा रोध निम्मा करायला जवळपास २ टेस्लाचं क्षेत्र आणि द्रवरूप हेलियम लागलं होतं असं वाचलं. डिस्कवरच्या एका बिटकडे एवढं क्षेत्र असणं शक्यच नाही. मग हाच परिणाम डिस्कवरचे बिट वाचणाऱ्या हेडमध्ये कसा चालला? आणि आजच्या डिस्कमध्येही तोच आहे का?

उत्तर:

तुमची शंका रास्त आहे. १९८८ साली पॅरिसजवळ ओर्सेला आल्बेर फेर यांच्या गटाने जी चळत मोजली, ती तशीच्या तशी हेडमध्ये बसवली असती तर तिने डिस्कवरचं काहीच वाचलं नसतं.

आधी रोध का बदलतो ते बघू. लोह किंवा कोबाल्टसारख्या चुंबकीय धातूत इलेक्ट्रॉनांचे दोन गट वेगवेगळे वाहतात असं धरा. ज्यांचा स्पिन, म्हणजे इलेक्ट्रॉनाचं स्वतःचं इवलंसं चुंबकत्व, थराच्या चुंबकनाच्या दिशेशी जुळतो ते सहज निघून जातात, उलटे वारंवार अडखळतात. सोपे आकडे घेऊ. जुळणाऱ्याला एका थरातून जाताना रोध १, न जुळणाऱ्याला ५. दोन्ही थरांची दिशा एकच असेल तर पहिल्या गटाला १+१=२ आणि दुसऱ्याला ५+५=१०. हे दोन मार्ग समांतर जोडलेले, म्हणून एकूण रोध २०/१२, म्हणजे साधारण १.६७. आता एका थराची दिशा उलटी करा. प्रत्येक गट एका थरात सुटतो आणि दुसऱ्यात अडकतो. दोघांनाही ६, म्हणून एकूण ३. रोध ८० टक्क्यांनी वाढला! पहिल्या मांडणीत एका गटाला पळवाट मिळते, दुसऱ्या मांडणीत ती कोणालाच मिळत नाही. अट एवढीच की थर मोजक्या नॅनोमीटरांचे हवेत, म्हणजे इलेक्ट्रॉन आपला स्पिन न विसरता एका थरातून दुसऱ्यात पोहोचतो.

आता तुमचे २ टेस्ला. फेर यांच्या चळतीत लोहाच्या शेजारच्या थरांना उलट दिशेने धरून ठेवण्याचं काम मधलं क्रोमियम करत होतं. त्याची जाडी होती जेमतेम ०.९ नॅनोमीटर. ही पकड इतकी घट्ट होती की ती मोडून सगळे थर एका दिशेने करायलाच ते प्रचंड क्षेत्र लागत होतं. म्हणजे क्षेत्र खर्च होत होतं ते ही पकड सोडवण्यात. रोध बदलण्यासाठी मुळात तेवढ्याची गरज नव्हती. पकड सैल केली तर? तेव्हाच जर्मनीत युलिशला पेटर ग्र्युनबर्ग यांना लोह-क्रोमियम-लोह अशा तीनच थरांत, साध्या खोलीच्या तापमानाला, सुमारे दीड टक्का बदल दिसला होता. आकडा दिसायला किरकोळ, पण उपकरणाच्या दृष्टीने तोच जास्त बोलका, असं माझं मत.

पुढची मोठी पायरी आयबीएमच्या अल्माडेन केंद्रातली. स्टुअर्ट पार्किन यांनी अणूंचे थर शिस्तीत रचणाऱ्या महागड्या एपिटॅक्सीऐवजी, आयनांच्या माऱ्याने धातूचे अणू उडवून थर बसवणाऱ्या, कारखान्यात चालणाऱ्या स्पटरिंगने थर बनवले. मधल्या थराची जाडी वाढवत नेली की पकड कधी उलट, कधी सुलट अशी झुलते, हे त्यांनी दाखवलं. तिथल्याच गटाने १९९१च्या सुमारास पकडीवर विसंबायचंच सोडून दिलं, आणि त्यातून आला स्पिन वाल्व्ह.

त्यात चुंबकीय थर दोनच. एक दावणीला बांधलेला, दुसरा मोकळा. बांधलेल्या थराला चिकटून आयर्न-मँगनीज, पुढे इरिडियम-मँगनीज किंवा प्लॅटिनम-मँगनीज असा प्रतिलोहचुंबकीय थर असतो, तो त्याची दिशा हलू देत नाही. मोकळा थर परमॅलॉयसारख्या मऊ मिश्रधातूचा, काही मिलिटेस्लात सहज वळणारा. मध्ये दोन-तीन नॅनोमीटर तांबं, म्हणजे दोघांची एकमेकांवर ओढ जवळपास नाही. तांबं याहून पातळ केलं तर पृष्ठभागाच्या उंचसखलपणामुळे थर एकमेकांना ओढायला लागतात. जाड केलं तर बराचसा प्रवाह नुसता तांब्यातूनच निघून जातो. अशी गळती प्रत्यक्षात होतेच, म्हणून वरच्या ८० टक्क्यांऐवजी हातात पाच-दहा टक्के येतात.

खरी करामत मात्र कोनात आहे. बांधलेल्या थराच्या चुंबकनाची दिशा डिस्कच्या पृष्ठभागाला लंब ठेवतात आणि मोकळ्या थराची, तो स्वस्थ असताना, तिच्याशी काटकोनात. रोध या दोन दिशांमधल्या कोनाच्या कोसाइनवर चालतो आणि ९० अंशांपाशी कोसाइनची रेषा जवळजवळ सरळ असते. त्यामुळे क्षेत्र वरच्या दिशेने आलं की रोध एका बाजूला, खालच्या दिशेने आलं की दुसऱ्या बाजूला, तेवढाच सरकतो. उदाहरणादाखल हेडचा रोध ४० ओहम आणि पूर्ण बदल ८ टक्के, म्हणजे ३.२ ओहम धरा. बिटांच्या सीमेवरच्या क्षेत्राने मोकळा थर २० अंश कलला तर रोध साधारण ०.५५ ओहम बदलेल. ५ मिलिअँपिअर प्रवाहाला हे पावणेतीन मिलिव्होल्ट झाले. आधीच्या, साध्या परमॅलॉयच्या एमआर हेडमध्ये एकाच थराचा रोध प्रवाह आणि चुंबकन यांच्यातल्या कोनाप्रमाणे बदलायचा, आणि पूर्ण बदलच दोनेक टक्के असायचा. असं जीएमआर हेड असलेली पहिली डिस्क आयबीएमने १९९७च्या अखेरीस आणली, डेस्कस्टार १६जीपी, १६.८ जीबीची.

जीएमआर आणि हा जुना एमआर या दोन परिणामांत गल्लत होते म्हणून एक स्वानुभव. एमएस्सीच्या प्रकल्पात मी कोबाल्ट-तांब्याची चळत स्पटर केली, चार तारा लावल्या, प्रवाहाला आडवं क्षेत्र दिलं. रोध एक टक्का उतरला. जीएमआर मिळाला म्हणून मी खूश! सरांनी काही न बोलता नमुना ९० अंशांत फिरवला, म्हणजे आता क्षेत्र प्रवाहाच्या दिशेने. रोध चढला. जीएमआरमध्ये तो दोन्ही वेळा उतरायला हवा. दिशेप्रमाणे चढ-उतार म्हणजे जुनाच एमआर. तांब्याचा थर फार पातळ पडला होता, त्याला बारीक छिद्रं होती आणि कोबाल्टचे थर त्यांतून एकमेकांना भिडून एकत्रच वळत होते.

हेडमध्ये गडबड वेगळ्या वाटेने होते. आपल्याला जाणवणारही नाही एवढ्या स्थिर विजेच्या झटक्याने फिल्म वितळत नाही, पण क्षणभर इतकी तापते की प्रतिलोहचुंबकाची पकड सुटते. त्याच झटक्याच्या प्रवाहाचं क्षेत्र बांधलेल्या थराला भलत्या दिशेला वळवतं आणि थंड होताना तो तिथेच पुन्हा बांधला जातो. मल्टिमीटरवर ४० ओहम जसेच्या तसे, आणि सिग्नल मात्र मलूल, कधी चक्क उलटा. म्हणून रोध मोजून हेड चांगलं म्हणता येत नाही. क्षेत्र पुढे-मागे फिरवून रोधाचा आलेख काढावा लागतो.

आजच्या डिस्कबद्दल: नाही, २००५च्या आसपासपासून जीएमआर हेडं मागे पडत गेली. मधल्या तांब्याच्या जागी मॅग्नेशियम ऑक्साइडचा, विजेला अडवणारा जेमतेम एक नॅनोमीटरचा पडदा आला, आणि प्रवाह थरांच्या लांबीने न जाता त्यांना भेदून आरपार जातो. त्याला टीएमआर, म्हणजे टनेलिंग मॅग्नेटोरेझिस्टन्स, म्हणतात, आणि बदल कितीतरी मोठा मिळतो. एक थर बांधलेला, एक मोकळा, मध्ये काटकोन, ही मांडणी मात्र तीच आहे.