वेगळा दिलेला कचरा पुढे एकत्रच होतो का?

प्रश्न: पुण्यात राहते. ओला-सुका वेगळा देते, पण पुढे गाडीत सगळं एकत्रच होतं म्हणतात. मग जबाबदारी नेमकी कोणाची, महापालिकेची की ठेकेदाराची?

उत्तर: कायद्याने जबाबदारी महापालिकेचीच, ठेकेदार नेमला तरी. पण कचरा एकत्र होतो तो बहुतेक वेळा तुमच्या दाराशी नाही, त्यापुढच्या टप्प्यात.

पुण्यात बऱ्याच भागांत दारावर येणाऱ्या ताई ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या असतात. विकण्याजोगं प्लास्टिक, पुठ्ठा त्या स्वतः वेचून भंगारवाल्याला विकतात आणि ते पैसे त्यांचेच. त्यामुळे वेगळं करण्यात त्यांचा फायदा आहे. उरलेलं त्या ठरलेल्या जागी महापालिकेच्या किंवा ठेकेदाराच्या गाडीत देतात. ती गाडी हस्तांतरण केंद्रावर म्हणजे रॅम्पवर रिकामी होते आणि तिथून मोठ्या गाडीतून कचरा प्रक्रिया प्रकल्पात जातो.

मी अशाच एका प्रकल्पाच्या वजनकाट्याचा हिशेब पाहिला आहे. प्रकल्प चालवणाऱ्या ठेकेदाराला पैसे मिळत ते आत आलेल्या टनांवर. ओला कचरा जड असल्यामुळे मिसळलेली गाडी परत पाठवण्यात त्याचं नुकसानच. पण पुढे ते ओलं प्लास्टिकला चिकटतं, चाळणीत वेगळं होत नाही, आणि इंधन म्हणून सिमेंट कारखान्यांना पाठवायचा माल ओलसर निघाला की ते नाकारतात.

समजा, रोज 100 टन मिश्र कचरा आत गेला. ओलावा उडून 40 टन कमी झाले, 25 टन इंधन आणि 10 टन खत निघालं, तर उरतात 25 टन. ते भरावभूमीत, म्हणजे उरलेला कचरा पुरायच्या जागी, गेल्याच्या पावत्या असायला हव्यात. नोंद फक्त 10 टनांची असेल, तर रोज 15 टन, म्हणजे महिन्याला 450 टन आवारातच साचतात. वास, काळं पाणी आणि उन्हाळ्यातल्या आगी हे सगळं त्या ढिगातून. 2017 मध्ये उरुळी देवाची-फुरसुंगीच्या डेपोला आग लागली, गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि शहरभर कचरा पडून राहिला.

म्हणून ‘प्रक्रिया किती झाली’ असं विचारून फार काही हाती लागत नाही, कारण उत्तरात आत आलेलं वजनच सांगितलं जातं. माहिती अधिकारात बाहेर गेलेल्या इंधनाच्या, खताच्या आणि उरलेल्या कचऱ्याच्या वजनपावत्या मागा. करारात पैसे आत आलेल्या टनावर आहेत की बाहेर गेलेल्या मालावर, तेही विचारा.

तुमच्या गल्लीपुरतं बघायचं तर सकाळी गाडीशी उभ्या राहा. सुक्याच्या कप्प्यातून पाणी गळत असेल तर मिसळणं तिथेच चाललंय. गाडीचा नंबर आणि वेळ लिहून मुकादमाकडे द्या. त्याने टाळलं तर क्षेत्रीय कार्यालयातल्या आरोग्य निरीक्षकाकडे लेखी तक्रार करा. ठेकेदाराला दंड लावायचा अधिकार महापालिकेचा, दारावरच्या ताईंशी भांडून काही होत नाही. आणि सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून द्या, सुकं वेचणारे हात त्याच ताईंचे असतात.