तालुका कबड्डी: ११ संघ, दोन मैदानं आणि ऑगस्टचा पाऊस

"यंदा तालुकास्तरीय कबड्डी (१७ वर्षांखालील मुलं) आमच्या शाळेत आहे. ११ संघ आलेत, सामने १५-५-१५ चे, पटांगणात दोन मैदानं बसतात आणि सगळं एका दिवसात संपवायचंय. तारीख ऑगस्टमधली. भाग्यपत्रिका, पंच आणि पाऊस आला तर काय, हे कसं बसवू? मी क्रीडा शिक्षक म्हणून नवीन आहे."

सर, मी सह्याद्रीच्या पायथ्याच्या तालुक्यात बरीच वर्षं पी.टी. शिकवतोय. आमच्याकडे ऑगस्टमध्ये पाऊस "आला तर" म्हणत नाहीत, "किती वाजता" म्हणतात. म्हणून मी वेळापत्रक करतानाच पावसाची जागा सोडतो.

आधी भाग्यपत्रिका. बाद पद्धतीत संघांच्या संख्येपेक्षा एक सामना कमी, म्हणजे तुमचे १० सामने. अकराच्या पुढची जुळणारी संख्या १६, म्हणून १६ वजा ११, पाच संघांना पुढे चाल. वरच्या अर्ध्यात १ ते ६, खालच्या अर्ध्यात ७ ते ११. पुढे चाल द्यायचा क्रम ठरलेला आहे: खालच्या अर्ध्यातला शेवटचा, वरच्यातला पहिला, खालच्यातला पहिला, वरच्यातला शेवटचा, मग खालच्यातला शेवटून दुसरा. म्हणजे ११, १, ७, ६ आणि १०. गेल्या वर्षीचा विजेता १ वर आणि उपविजेता ११ वर बसवा, बाकीच्या नऊ चिठ्ठ्या संघव्यवस्थापकांसमोर काढा. आदल्या दिवशी, उघड्यावर, एखाद्या लहान मुलाच्या हातून. स्टाफरूममध्ये काढलेल्या चिठ्ठ्यांवर दुसऱ्या दिवशी भांडण ठरलेलं.

आता वेळा. १५-५-१५ म्हणजे ३५ मिनिटं. त्यात नाणेफेक, टाइमआउट, एखादी दुखापत आणि संघ आत-बाहेर होणं धरून मी एका सामन्याला ५० मिनिटं देतो. ४० मिनिटांचं वेळापत्रक कागदावर छान दिसतं आणि दुपारपर्यंत तासभर मागे पडतं.

साडेनऊला अ मैदानावर २ विरुद्ध ३, ब वर ४ विरुद्ध ५. दहा वीसला अ वर ८ विरुद्ध ९, ब वर १० विरुद्ध ११, हा थेट उपउपांत्य. अकरा दहाला अ वर १ विरुद्ध पहिल्या सामन्याचा विजेता, ब वर ६ विरुद्ध दुसऱ्याचा विजेता. बारा वाजता अ वर ७ विरुद्ध ८-९ चा विजेता, आणि ब मोकळं. जेवण. दीडला वरच्या अर्ध्याचा उपांत्य, दोन वीसला खालच्या अर्ध्याचा, दोन्ही अ वर. अंतिम सामना चारला.

यात प्रत्येक संघाला दोन सामन्यांमध्ये किमान एका सामन्याइतकी विश्रांती मिळते, एकदा बोट फिरवून बघा. ब मैदान बारानंतर मोकळं सुटलंय ते मुद्दाम. तिथे प्रदर्शनीय सामना घुसवायचा आग्रह होईल, मुख्याध्यापकांकडूनच होईल. घुसवू देऊ नका, पावसाचा गेलेला तास तिथेच भरून निघतो. पहिल्या फेरीतून येणारा संघ अंतिमपर्यंत गेला तर चार सामने खेळतो, हे मुलांना जास्तच आहे. माझं मत विचाराल तर उपांत्य आणि अंतिम दुसऱ्या दिवशी ठेवा. पण लांबच्या वाड्यांतून येणाऱ्या संघांचा एसटीचा आणि जेवणाचा खर्च दुप्पट होतो, म्हणून बहुतेक ठिकाणी एकच दिवस चालतो. निदान दुसरा दिवस राखीव म्हणून परिपत्रकातच छापून घ्या. आयत्या वेळी "उद्या या" म्हटलं की अर्धे संघ येत नाहीत.

पंचांचं गणित असं. एका सामन्याला एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन साहाय्यक गुणलेखक, म्हणजे सहा जण. दोन मैदानांना बारा. यातले सरपंच आणि पंच मिळून सहा जण जिल्हा कबड्डी संघटनेचे पंच परीक्षा झालेले मागवा, पत्र किमान पंधरा दिवस आधी द्या आणि मानधन व प्रवासखर्च पत्रातच लिहा. गुणलेखनाला तुमचे शिक्षक चालतील, पण आदल्या शनिवारी शाळेतल्याच दोन संघांचा सामना लावून त्यांच्याकडून एकदा गुणपत्रिका भरून घ्या. बोनस कुठे लिहायचा आणि लोण कुठे, हे सामना सुरू असताना शिकवता येत नाही. आलेल्या संघांचे क्रीडा शिक्षकही मदतीला तयार असतात. त्यांना घ्या, फक्त ज्या अर्ध्यात त्यांची शाळा आहे त्या अर्ध्याचा सामना देऊ नका, आणि उपांत्यपासून संघ बाद झालेल्यांनाच बसवा.

आता पाऊस. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, आमच्याच यजमानपदाची. पावणेबाराला ब मैदानावर उत्तरार्धाची सहा मिनिटं उरली होती, गुण २१-१९, आणि सर आली. मुलं वर्गात पळाली. सव्वातासाने ऊन पडलं तेव्हा आघाडीवरचा संघ म्हणे उरलेली सहा मिनिटंच खेळवा, मागचा म्हणे सामना पहिल्यापासून. आमच्याकडे लेखी काहीच नव्हतं. त्यात कुणाची चढाई होती आणि आत किती खेळाडू होते यावरच गुणलेखकांचं जमेना. शेवटी पहिल्यापासून खेळवला, निकाल फिरला, आणि त्या शाळेचे सर अजून माझ्याशी तुटक बोलतात.

तेव्हापासून प्रवेशिकेच्या मागे दोन ओळी छापतो आणि व्यवस्थापकाची सही घेतो. खंड २० मिनिटांपर्यंत असेल तर आहे त्या गुणांवर पुढे सुरू, त्याहून जास्त असेल तर सामना नव्याने. आणि सरपंचाने थांबण्याची शिट्टी मारली की साहाय्यक गुणलेखकांनी जागेवरच लिहायचं: गुण, उरलेली मिनिटं-सेकंद, पुढची चढाई कुणाची, दोन्हीकडे आत किती, शिल्लक टाइमआउट, आणि बाद झालेल्यांचा क्रम. हा क्रम सगळे विसरतात. बाद खेळाडू ज्या क्रमाने गेले त्याच क्रमाने परत येतात. क्रम हरवला तर ज्याचा नंबर नाही असा चांगला चढाईपटू आधी आत शिरतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. गुणपत्रिका प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा आणि पेन्सिलीने लिहा, दमट कागदावर बॉलपेन चालत नाही.

मैदानाचं काम चार दिवस आधी सुरू करा. १३ बाय १० मीटर धरून बोलतो, किशोर गटाचं ११ बाय ८ असतं, तुमच्या परिपत्रकात काय दिलंय ते बघून आखा. मधला भाग कडांपेक्षा चार बोटं उंच ठेवून माती चोपून घ्या आणि भोवती पाणी निघायला चर खणा. चर अंतिम रेषेला खेटून नको, चारेक मीटर लांब, नाहीतर पकडीत बाहेर गेलेल्या पोराचा घोटा त्यात जातो. ताडपत्री दोन्ही मैदानांना पुरणार नाही, ती फक्त अ वर. १५ बाय १२ ची लागते, आणि ती ओढायला आठ मुलांची नावं आधीच ठरवा. रेषा फक्कीनेच मारा, चुन्याने नको. ओला चुना कातडी भाजतो, आणि कबड्डीत तोंड जमिनीला लागतंच.

पाऊस थांबल्यावर खेळायचं की नाही, हे ठरवायची माझी पद्धत साधी आहे. मध्यरेषेवर, दोन्ही निदान रेषांवर आणि कोपऱ्यांत टाच रुतवून काढायची. खळग्यात पाणी साचलं तर अजून नाही. नाही साचलं तर चार पावलं पळून एकदम थांबायचं, पाय घसरला तर लाकडाचा भुसा पसरून, झाडून, पुन्हा तेच. वरून मुरूम टाकायचा सल्ला कुणीतरी देतोच. ऐकू नका, गुडघे सोलून निघतात.

शेजारचं मंगल कार्यालय हा पर्याय लोक सर्रास सुचवतात. तिथल्या फरशीवर मॅटशिवाय कबड्डी खेळवायची नाही, आणि मीटरभर चौरस तुकड्यांच्या मॅटचे १३ बाय १० ला १३० तुकडे लागतात, बाहेरची कड वेगळी. ते तालुक्यात कुणाकडे आहेत आणि टेम्पोने यायला किती वेळ लागेल हे आज विचारून ठेवा. मधे खांब असलेला हॉल मॅट मिळूनही कामाचा नाही.

निर्णयाच्या वेळाही लिहून टाका. सकाळी सहाला पहिला, कारण लांबचे संघ साडेसहाची एसटी धरतात. तो निर्णय व्यवस्थापकांच्या ग्रुपवर एकाच माणसाने टाकायचा. साडेअकरापर्यंत एकही सामना सुरू झाला नाही, तर त्या दिवशी फक्त उपउपांत्यपर्यंत आणि बाकी राखीव दिवशी. मधेच पाऊस आला तर उरलेले सामने मोजा. समजा अकरा वीसला थांबलात आणि दोनला फक्त अ मैदान तयार झालं. दोन उपउपांत्य अर्धवट, तिसरा बाकी, म्हणजे तीन सामने, दोनला, दोन पन्नासला आणि तीन चाळीसला. साडेचारला थांबा आणि चार संघांना राखीव दिवशी बोलवा. उपांत्यही उरकून घेऊ असं वाटेल, पण ढगाळ संध्याकाळी सहानंतर अंतिम रेषा दिसत नाही, आणि शेवटची एसटी निघून गेलेली असते.

सामने छोटे करायचेच झाले तर अख्खी फेरी १०-५-१० करा, फेरी सुरू व्हायच्या आधी. एका फेरीतले दोन सामने मोठे आणि दोन छोटे केले, तर हरलेले चारही संघ तक्रार घेऊन येतील आणि चौघांचंही बरोबर असेल.

ताडपत्री शाळेत नसेल तर गावात वीटभट्टीवाल्यांकडे विचारा. पावसाळ्यात भट्ट्या बंद असतात, पण कच्च्या विटांवर घालायला घेतलेल्या मोठ्या ताडपत्र्या त्यांच्याकडे पडून असतात. आम्ही दरवर्षी तिथूनच आणतो, धुऊन परत देतो.