मामाला ‘नाही’ म्हण, पण ‘तू’ सोडू नकोस

प्रिय ताई,
माझ्या सख्ख्या मामानं दसऱ्याला मुलाला दुकान काढून द्यायचं म्हणून तीन लाख ‘हातउसने’ मागितलेत. आमच्या घराचा हप्ता चालू आहे. एक एफडी आहे, पण ती अडीअडचणीसाठी ठेवलेली. तीन वर्षांपूर्वी नेलेल्या चाळीस हजारांतले पंधराच परत आले. मामाला मी लहानपणापासून अरे-तुरे करते, लग्नात तोच माझ्यामागे उभा होता. मी लिहिलेला मेसेज असा: ‘आदरणीय मामा, आपला मेसेज मिळाला. सध्या थोडी अडचण आहे, तरी प्रयत्न करते, बघते. क्षमस्व.’ नवरा चेन्नईचा, त्याला मराठी येत नाही. मी इंग्रजीत सांगितलं तर म्हणाला, ‘म्हणजे देणार आहेस की नाही?’ मामाला न दुखावता कसं लिहू? आणि नवऱ्याला त्यातला सूर इंग्रजीत कसा समजावू?
– पुण्याची भाची

प्रिय भाची,

तो मेसेज अजून पाठवला नसशील तर पाठवू नकोस. तुझ्या नवऱ्याचा प्रश्न रास्त आहे. ‘प्रयत्न करते, बघते’ हे वाचून मामा पैसे येणार असंच धरून चालेल. त्या भरवशावर गाळ्याचं डिपॉझिटही देऊन बसेल. मग दसऱ्याच्या आठवड्यात तू नाही म्हणालीस, तर आजच्या दुप्पट लागेल. ‘सध्या’ हा शब्दही काढ. ‘सध्या नाही’ म्हणजे दिवाळीनंतर पुन्हा विचारायला हरकत नाही.

पण मला जास्त खटकलं ते ‘आदरणीय’, ‘आपला’ आणि ‘क्षमस्व’. जन्मभर ‘ए मामा’ म्हणणारी भाची पैशाची गोष्ट निघाल्याबरोबर ‘आपण’वर आली, तर तिनं लांब सरकून घेतलं हे त्याला पहिल्याच ओळीत कळेल. तुला आदर दाखवायचा होता हे मी समजू शकते, पण ज्याला आपण ‘तू’ म्हणतो त्याला अचानक ‘आपण’ म्हणणं म्हणजे त्याला परका करणं. तुम्ही मुळात ‘अहो मामा’ म्हणणाऱ्या घरातल्या असतात तर मी ‘तुम्ही’च ठेवायला सांगितलं असतं. रोज जे म्हणतेस तेच नकारातही राहू दे.

मी असं लिहिलं असतं:

‘मामा, तुझा मेसेज वाचला. दसऱ्याला दुकान सुरू होतंय हे वाचून फार बरं वाटलं रे. तीन लाखांचं मात्र मला जमणार नाही. घराचा हप्ता जातो, आणि एफडी आहे ती आम्ही मोडायची नाही असं ठेवलंय. तू हक्कानं मागितलंस, म्हणून मीही लगेच सांगतेय, म्हणजे तुला दुसरीकडे सोय बघायला वेळ मिळेल. मुहूर्ताला आम्ही दोघं येतोय, आईलाही आणते. रात्री फोन करते.’

यातलं ‘जमणार नाही’ बदलू नकोस. ‘मी देणार नाही’ यात ‘मी’ मामासमोर उभी राहते. ‘मला जमणार नाही’ यात गोष्टच जमत नाही, तू त्याच्याच बाजूला उभी असतेस. तरीही नकार पुरा आहे, त्यात फट नाही. एफडीचं नाव मी मुद्दाम घेतलंय. ‘पैसेच नाहीत’ असं लिहिशील आणि एफडीचं आईकडून त्याला आधीच कळलेलं असेल, तर तीन लाखांपेक्षा त्या खोट्याचं दुःख त्याला जास्त होईल. ‘यांना विचारून सांगते’ असंही म्हणू नकोस. नकार तुझा आहे आणि राग मात्र जावयावर निघेल. जुन्या पंचवीस हजारांचा इथे उल्लेखसुद्धा नको. नकाराच्या मेसेजमध्ये जुना हिशेब काढला की मामाला वाटतं, ही इतकी वर्षं मनात धरून बसली होती.

आता नवऱ्याचं. त्याला शब्दाला शब्द ठेवून सांगत बसलीस तर गोंधळ वाढेल. ‘जमणार नाही’ला इंग्रजीत ‘आय कान्ट’ म्हणालीस की तो म्हणेल, एफडी तर आहे, मग कान्ट कसं? म्हणून आधी निकाल सांग आणि मग सूर: ‘इट्स अ फायनल नो. द सॉफ्टनेस इज फॉर हिम, नॉट फॉर द मनी.’ ‘तू’, ‘रे’ आणि ‘हक्कानं’ यांना इंग्रजीत जागा नाही. तिथे इतकंच सांग, की मी रोज ज्या आवाजात मामाशी बोलते त्याच आवाजात हे लिहिलंय, आणि तो आवाज बदलला असता तर त्याला नकारापेक्षा तेच जास्त लागलं असतं. ‘वुई हॅव डिसायडेड नॉट टू लेंड’ हे इंग्रजीत सभ्य आहे असं तो म्हणाला, तर मान्य कर. पण त्याचं मराठी ‘आम्ही द्यायचे नाहीत असं ठरवलंय’ असं झालं की घरात मामावर बैठक बसल्यासारखं वाटतं, हेही सांग.

‘हातउसने’ मात्र सावकाश समजाव. इंग्रजीत याला ‘लोन’च म्हणावं लागतं, आणि लोन म्हटलं की माणूस व्याज आणि करारपत्राचा विचार करतो. हातउसने म्हणजे व्याज नाही, कागद नाही, नात्याच्या भरवशावर चार दिवसांसाठी घेतलेले पैसे. तीन लाख हे हातउसने नव्हेतच, पण मामानं तो शब्द वापरला याचा अर्थ त्यानं तुला घरचं मानून मागितलं. नवरा भलेपणानं फोनवर ‘अॅग्रीमेंट करून घेऊ’ म्हणाला, तर मामाला वाटेल भाचीच्या घरात आपल्याला चोर समजतात. मामानं त्याला हिंदीत फोन केलाच, तर त्यानं दुकानाची चौकशी करावी आणि तू कळवलंयस तेच आमच्या दोघांचं आहे, एवढं म्हणावं. वेगळं कारण देऊ नये.

मामाचं उत्तरही नवऱ्याला वाचून दाखव, कारण तिथेही तो फसेल. ‘बरं, बघतो दुसरीकडे’ असं आलं तर मामानं ऐकलं. ‘ठीक आहे, राहू दे’ असं आलं तर ते इंग्रजीतल्या ‘ओके’सारखं दिसतं, पण तो दुखावला आहे. तेव्हा रात्रीची वाट न पाहता लगेच फोन कर. पैशांबद्दल पुन्हा समजावत बसू नकोस, दुकान कुठे घेतलं, काय ठेवणार आहे ते विचार. त्यानं ‘बरं, एक तरी दे’ म्हटलं तर ‘नाही रे मामा, एकाचंही नाही जमणार’ इतकंच. शब्द तोच, कारण तेच. तिथे नवीन कारण दिलंस की तो त्यावर तोडगा सुचवेल.

काही द्यावंसं वाटत असेल, तर मुहूर्ताला आहेर कर. झेपेल तेवढी रक्कम पाकिटात घालून मामेभावाच्या हातात दे, मामाच्या नको. आहेर कुणी परत मागत नाही, त्यामुळे पुढे हिशेब राहत नाही. पण मेसेजमध्ये त्याचा उल्लेख करू नकोस, नाहीतर तीन लाखांऐवजी हे, असं दिसेल.

मेसेज पाठवण्याआधी एक फोन आईला कर. भाऊ तिचा आहे, त्याच्याकडून कळण्याआधी तिला तुझ्याकडून कळू दे. फक्त ‘तूच त्याला सांग ना’ असं म्हणू नकोस. दरवर्षी भाऊबीजेला त्याला ओवाळायला तीच बसते.

– ताई