पर्सेंटाइल म्हणजे टक्के का? शतमक आणि झेड-अंक यांविषयी

प्रश्न : माझ्या मुलीला नुकतीच ५ वर्षे पूर्ण झाली. उंची १०३ सेंटिमीटर. डॉक्टरांनी तक्त्यावर ‘९वा पर्सेंटाइल, झेड-स्कोअर −१.३४’ असे लिहिले. घरी सगळे ‘नऊच टक्के?’ म्हणून धास्तावले. मराठीत याला काय म्हणावे, आणि हे आकडे येतात कुठून? (कोथरूड, पुणे)

टक्का हा एखाद्या पूर्णाचा भाग सांगतो, तर पर्सेंटाइल रांगेतली जागा सांगतो. या दुसऱ्या अर्थासाठी मराठीत ‘शतमक’ हा शब्द आहे आणि तो चतुर्थक, दशमक यांच्याच कुळातला आहे. ‘शततमक’ असेही रूप आढळते. संस्कृतातील ‘शततम’ या क्रमवाचकाशी ते अधिक इमान राखते, पण दशमकाच्या शेजारी शतमक सहज बसतो, म्हणून मी तोच वापरतो. मात्र त्याच्यासोबत संख्या क्रमवाचकच हवी. ‘नऊ शतमक’ न म्हणता ‘नववे शतमक’ म्हटले, की टक्क्यांचा भास आपोआप नाहीसा होतो. उंचीचे नववे शतमक म्हणजे त्याच वयाच्या १०० मुली उंचीनुसार उभ्या केल्या, तर साधारण ९ मुली आपल्या मुलीपेक्षा बुटक्या असतील.

पुण्यात हा शब्द घरोघरी पोहोचला तो सीईटीच्या निकालामुळे, आणि तिथला अर्थ इथे तसाच्या तसा लावता येत नाही. परीक्षेत प्रत्यक्ष बसलेल्या विद्यार्थ्यांची डोकी मोजून पर्सेंटाइल काढतात. वाढीच्या तक्त्यात मात्र आधी झेड, म्हणजे मधल्या मापापासूनचे अंतर, निघतो आणि त्यावरून, घंटेच्या आकाराच्या प्रसामान्य वक्राच्या आधारे, शतमक निघते. हा मार्ग ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ टिम कोल यांनी १९९० च्या सुमारास मांडलेल्या एल-एम-एस पद्धतीचा आहे. प्रत्येक वयासाठी, मुलगा आणि मुलगी यांच्यासाठी वेगवेगळे, असे तीनच आकडे तीत ठेवलेले असतात. एम म्हणजे मध्यक, अर्थात रांगेच्या बरोबर मधल्या मुलाचे माप. एस म्हणजे मध्यकाच्या प्रमाणात मोजलेला पसारा. एल हा आकडा रांग एका बाजूला किती लांबट झाली आहे ते सांगतो आणि ती दुरुस्त करून घेतो. खालच्या सूत्रातला X म्हणजे मुलाचे प्रत्यक्ष मोजलेले माप.

```
z = ((X / M)^L - 1) / (L * S)
```

एल कशाला हवा, हे वजनावरून चांगले कळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात ५ वर्षांच्या मुलींच्या वजनाचा मध्यक १८.२ किलो आहे, झेड −२ ची रेषा १३.७ किलोवर आणि +२ ची २४.९ किलोवर आहे. खाली अंतर साडेचार किलोंचे, वर मात्र जवळजवळ पावणेसात. उंचीत असा लांबटपणा नसतो, म्हणून तिथे एल १ धरलेला आहे आणि सूत्र साध्या वजाबाकी-भागाकारावर येते.

आता आपल्या मुलीचे गणित करू. ५ वर्षांच्या मुलींच्या उंचीसाठी एम १०९.४ सेंटिमीटर आणि एस ०.०४३५५ आहे. दोहोंचा गुणाकार सुमारे ४.७६ सेंटिमीटर, हेच एक प्रमाण विचलन, म्हणजे पसारा मोजायचे एकक. आपली मुलगी मध्यकापेक्षा ६.४ सेंटिमीटरने कमी आहे. ६.४ ला ४.७६ ने भागले की १.३४ येतात आणि उंची मध्यकाखाली असल्याने चिन्ह उणे लागते. प्रसामान्य वक्रावर −१.३४ च्या डावीकडे सुमारे ९ टक्के भाग असतो, आणि तक्त्यावरचा ‘९वा’ तिथून आला. (टक्के इथे आहेत खरे, पण ते मुलींच्या संख्येचे, आपल्या मुलीच्या उंचीचे नव्हेत.)

झेड-स्कोअरचे भाषांतर ‘प्रमाणित गुण’ असे केलेले दिसते, पण पालकांसमोर तो शब्द मला घातक वाटतो, कारण उणे गुण म्हणजे नापास असाच अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात उमटेल. ‘झेड-अंक’ म्हणावे आणि ‘मध्यकापासूनचे अंतर, प्रमाण विचलनांत मोजलेले’ असा खुलासा करावा. अंतर म्हटले की त्याचे मोठे वैशिष्ट्यही कळते, ते म्हणजे त्याच्या पायऱ्या सारख्या असतात. या वयात उंचीच्या १ सेंटिमीटरने झेड ०.२१ ने बदलतो, मग मूल उंच असो वा बुटके. शतमकाचे तसे नाही. मध्यकाजवळ तोच १ सेंटिमीटर सुमारे ८ शतमके सरकवतो, तर आपल्या मुलीची उंची १०२ मोजली गेली असती तर शतमक नवव्यावरून सहाव्यावर आले असते, म्हणजे बदल तिनाचाच. मोजताना टाच भिंतीपासून सुटली किंवा केसांचा अंबाडा आड आला, तर एवढी चूक सहज होते. म्हणून एका मोजणीत शतमक घसरलेले दिसले, तर आधी उंची पुन्हा मोजून घ्यावी.

टोकाला तर शतमक मुकेच होते. याच वयाच्या ९८ आणि ९४ सेंटिमीटर उंचीच्या दोन मुलींपुढे ‘तिसऱ्या शतमकाखाली’ एवढेच लिहिले जाईल, पण त्यांचे झेड-अंक −२.४ आणि −३.२ असे वेगळे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे −२ च्या खाली वाढ खुंटलेली आणि −३ च्या खाली ती तीव्र खुंटलेली मानतात. आपली मुलगी −२ च्या रेषेच्या, म्हणजे ९९.९ सेंटिमीटरच्या, ३ सेंटिमीटरहून अधिक वर आहे. घरी सांगताना ‘उंची नवव्या शतमकावर, झेड-अंक उणे १.३४’ असे सांगावे आणि टक्के हा शब्द त्यात येऊ देऊ नये.