पहिला दात: एक डबीत, एक उंदीरमामाला

प्रश्न: माझ्या मुलीचा खालचा पुढचा दात हलायला लागलाय. सासूबाई म्हणतात, पडला की कौलावर टाकायचा, तशी रीत आहे. मला मात्र तो पहिला दात आठवण म्हणून जपून ठेवायचाय. आम्ही फ्लॅटमध्ये राहतो, कौलंही नाहीत. दोन्ही कसं जमवावं? आणि दात ठेवला तर खराब होतो का?

मी लहान मुलांच्या दातांची डॉक्टर आहे, त्यामुळे पडलेला दात कागदाच्या पुडीत घेऊन येणाऱ्या आया आणि आज्या मला नवीन नाहीत. तुमच्या घरचा पेच सोपा आहे, कारण खालचे पुढचे दात दोन असतात. एक पडला की शेजारचा बहुधा काही आठवड्यांत किंवा दोन-तीन महिन्यांत पडतोच. पहिला तुमचा, दुसरा सासूबाईंचा. आणि पहिला तुमच्याकडे का, हे त्यांना सांगायचं झालं तर माझ्याकडे एक कारणही आहे.

हा दात तुमच्या पोटातच तयार व्हायला लागला होता. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्याच्या सुमारास त्याचं कठीण आवरण, म्हणजे एनॅमल, बसायला सुरुवात होते. बाळ जन्मतं तेव्हा दिसणाऱ्या भागाचं निम्म्याहून जास्त आवरण झालेलं असतं आणि उरलेलं पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुरं होतं. जन्माच्या वेळी बाळाच्या शरीरात एकदम बदल होतात, त्याची एक बारीक रेघ या आवरणात उमटते. ती जन्मरेषा डोळ्यांना दिसत नाही, दाताचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तरच दिसते. पण असते नक्की. रेघेच्या आतला भाग पोटातला, बाहेरचा बाहेर आल्यानंतरचा. हे ऐकल्यावर एक आजी मला म्हणाल्या होत्या, "मग हा फेकायचा कसा गं?" तुमच्या सासूबाईंचंही तसंच होईल असं मला वाटतं. बाकी रीत त्यांची, ती पाळायलाच हवी.

दात हातात आला की आधी नीट बघा. ज्वारीच्या टपोऱ्या दाण्यापेक्षा जरासाच मोठा, सुमारे चार मिलिमीटर रुंद. उलटा केला तर खाली मूळ नाही, नुसती पोकळी आणि ओबडधोबड कडा. मूळ तुटून आत राहिलं म्हणून घाबरणारे पुष्कळ असतात. तसं नसतं. खालून पक्का दात वर येताना दुधाच्या दाताचं मूळ हळूहळू विरघळून जातं, म्हणूनच तो हलतो आणि पडतो. मात्र धडपडून दात निघाला आणि त्याला लांब टोकदार मूळ दिसलं, तर तो वेळेआधी निघालेला आहे. असा दात परत हिरडीत बसवायचा प्रयत्न करू नका, खालच्या पक्क्या दाताला इजा होते. दात घेऊन त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. आठवण नंतर.

आता जपण्याचं. वास येतो, दात काळपट होतो, या तक्रारींचं मूळ त्या पोकळीत असतं. तिथे रक्ताचा आणि आतल्या मऊ भागाचा अंश चिकटलेला असतो. दात पडल्या दिवशीच साध्या पाण्याखाली धुवा, जुन्या मऊ ब्रशला किंचित साबण लावून आतून-बाहेरून घासा. मग मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइड आणा. आपल्याकडे सहसा २० व्हॉल्यूमची, म्हणजे सुमारे ६ टक्क्यांची बाटली मिळते. तेवढंच पाणी मिसळा आणि दात त्यात अर्धा तास ठेवा. पोकळीतून फेस येईल. तो थांबला की परत धुवा आणि सावलीत, पातळ सुती कापडावर दोन-तीन दिवस वाळू द्या. बाटली मुलीच्या हाती लागू देऊ नका.

घरगुती उपायांत तीन गोष्टी टाळा. उकळू नका, दाताला तडे जातात. उन्हात किंवा ड्रायरने वाळवला तरी तेच. ब्लीचमध्ये बुडवू नका, दात खडूसारखा ठिसूळ होतो. आणि लिंबू किंवा व्हिनेगर तर नकोच. पांढराशुभ्र दिसावा म्हणून लोक लिंबू चोळतात, पण आंबटाने आवरणच विरघळतं.

ओला दात बंद डबीत गेला की बुरशी ठरलेली, कोकणात आणि मुंबईच्या पावसाळ्यात तर विशेष. डबी कुठलीही चालेल. घरात आजीची चांदीची कुंकवाची डबी रिकामी पडली असेल तर तीच घ्या, फक्त कुंकू पूर्ण धुऊन काढा, नाहीतर दात कायमचा गुलाबी. कापसावर ठेवू नका, कडांना तंतू अडकतात. मलमलीचा तुकडा बरा. सोबत एक चिठ्ठी ठेवा: तारीख, कुठला दात, कुठे आणि कसा पडला. "खालचा डावा, शाळेत, पोळी खाताना" एवढं पुरे. हे आत्ता लिहिलं नाही तर दोन वर्षांनी डबीतला दात कोणता हे कुणालाच सांगता येत नाही. स्टेम सेलसाठी उपयोगी पडेल म्हणून ठेवणार असाल, तर तसा उपयोग होत नाही. वाळलेल्या दातात जिवंत पेशी उरत नाहीत.

दागिन्यात बसवायची हौस असेल तर त्यात विचित्र काही नाही. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने थोरल्या मुलीचा पहिला दुधाचा दात सोन्याच्या ब्रोचमध्ये बसवून घेतला होता. काटेरी फुलाच्या आकाराचा ब्रोच, आणि फुलाच्या जागी दात. तो दात १८४७ मध्ये स्कॉटलंडमध्ये खुद्द राणीच्या नवऱ्याने, प्रिन्स अल्बर्टनी काढला, असं ब्रोचच्या मागे कोरलंय. मला स्वतःला डबीच बरी वाटते.

दुसरा दात पडेल तो दिवस आजीचा. कौलं नसली तर गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचं छप्पर चालतं, पार्किंगची पत्र्याची शेड चालते. आमच्याकडे दात मुलानेच टाकायचा आणि मोठ्याने म्हणायचं, "उंदीरमामा, उंदीरमामा, माझा दात घे, तुझा दात दे." कुठे चिमणीला सांगतात, कुठे दात तुळशीत पुरतात. जे सासूबाईंच्या माहेरी होतं ते त्यांच्याकडूनच वदवून घ्या. उंदीर का, हे मुलगी विचारेलच. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, हे खरं उत्तर आहे आणि पोरांना ते फार आवडतं. नंतर मऊ काहीतरी, गुरगुट्या भात-तूप किंवा शिरा.

"जीभ लावू नकोस, दात पुढे येईल" हे त्या दिवशी घरातलं कुणीतरी म्हणणारच. जीभ लागून दात वाकडा येत नाही, पण वाद घालू नका. नवा दात आला की त्याची कड करवतीसारखी दिसेल, तीन बारीक उंचवटे असतील. ते वापरून झिजतात, म्हणून फोटो तेव्हाच काढा आणि डबीत ठेवा.

आणि एखादा दात जेवताना गिळला गेला तर? खोकला किंवा धाप नसेल तर काही होत नाही, तो आपोआप बाहेर पडतो. तो शोधत बसू नका. मुलीकडून उंदीरमामाला चिठ्ठी लिहून घ्या की दात पोटात गेलाय, आणि तीच छपरावर टाका.